कोड लिहून झाला, मग आठवडा कुठे गेला?

हिंजवडी किंवा खराडीला नोकरी करणारे कुणीतरी आज अनेक मराठी घरांत असते. त्यांच्या तोंडून एक वाक्य हमखास ऐकू येते: “माझं काम झालंय, पण अजून गेलं नाही.” ऐकणाऱ्याला प्रश्न पडतो, की काम झाले असेल तर ते जात का नाही, आणि जायचे असते तरी कुठे? या साध्या प्रश्नाचे नीट उत्तर अनेक कंपन्यांकडेही नसते. काम उशिरा होते हे सगळ्यांना दिसते. ते नेमके कुठे अडते हे मात्र मोजल्याशिवाय कळत नाही.

आधी कामाची वाट समजून घेऊ. मोठ्या सॉफ्टवेअरचा एक मूळ कोड असतो आणि त्यात कुणीही थेट हात घालत नाही. प्रोग्रामर त्याची स्वतःपुरती वेगळी फांदी काढतो, तिच्यात बदल करतो आणि टप्प्याटप्प्याने ते जतन करतो. अशा प्रत्येक जतन करण्याला ‘कमिट’ म्हणतात. बदल मनासारखा झाला की तो मूळ कोडात घ्यावा अशी विनंती टाकतो. ही विनंती म्हणजे ‘पुल रिक्वेस्ट’, बोलीभाषेत ‘पीआर’. दुसरा कुणी सहकारी तो बदल वाचतो, शंका विचारतो, दुरुस्त्या सुचवतो आणि समाधान झाले की मंजुरी देतो. हा रिव्ह्यू. शेवटी बदल मूळ कोडात मिसळला जातो, म्हणजे मर्ज होतो. लिनस टोरवाल्ड्स यांनी 2005 मध्ये गिट ही प्रणाली लिहिली, 2008 मध्ये गिटहब सुरू झाले, आणि ही पद्धत हळूहळू जगभर रुळली.

पहिल्या कमिटपासून मर्जपर्यंत गेलेला वेळ म्हणजे ‘सायकल टाइम’. काही जण तो बदल ग्राहकापर्यंत पोहोचेपर्यंत मोजतात, पण इथे आपण मर्जपाशी थांबू. बहुतेक टीम हा एकच आकडा पाहतात. या महिन्यात सरासरी पाच दिवस लागले, मागच्या महिन्यात चार लागले होते, म्हणजे कामाचा वेग मंदावला. मग व्यवस्थापकाची पहिली नजर कोड लिहिणाऱ्यांकडे वळते. तेच समोर बसलेले असतात आणि त्यांचेच काम डोळ्यांना दिसते. त्यांना घाई केली जाते, माणसे वाढवली जातात, आणि आकडा जिथल्या तिथे राहतो.

म्हणून तो एक आकडा चार तुकड्यांत फोडायचा. पहिल्या कमिटपासून पीआर टाकेपर्यंतचा वेळ कोडिंगचा. पीआर टाकल्यापासून पहिल्या माणसाने तिच्यावर काही लिहीपर्यंतचा वेळ पिकअपचा, म्हणजे कुणीतरी ती हातात घेण्याची वाट पाहण्याचा. तिथून मंजुरीपर्यंतचा वेळ रिव्ह्यूचा आणि मंजुरीपासून मर्जपर्यंतचा शेवटचा तुकडा मर्जचा. सरकारी कचेरीत फाइलवर सही करायला दोन मिनिटे लागतात, पण सहीसाठी ती टेबलावर महिना महिना पडून राहते, हे आपण सगळे जाणतो. पिकअप म्हणजे फाइल टेबलावर पडून असण्याचा काळ. त्या काळात कुणीच काही करत नसते, त्यामुळे तो कुणाच्या कामाच्या नोंदीत सापडत नाही.

आता एक बदल जवळून पाहू. उदाहरणातले आकडे विषय समजावा म्हणून मी घेतले आहेत, पण चित्र पुण्यात रोज दिसणारे आहे. टीम पुण्यात आहे, मुख्य अभियंता न्यूयॉर्कला आहे आणि काम अमेरिकेतल्या एका विमा कंपनीचे आहे. ग्राहकाने हप्ता भरला की त्याला ई-मेलने पावती जाते. त्या पावतीवर वर्षभरात भरलेल्या हप्त्यांची बेरीज छापायची, एवढाच बदल. प्रोग्रामरने पहिला कमिट सोमवारी सकाळी 11 वाजता केला आणि मंगळवारी दुपारी 4 वाजता पीआर टाकली. कोडिंगला घड्याळाचे 29 तास लागले. पैशाच्या व्यवहाराशी संबंधित कोड असल्यामुळे मुख्य अभियंत्याची मंजुरी सक्तीची होती.

न्यूयॉर्कमध्ये तेव्हा सकाळचे साडेसहा वाजले होते. उन्हाळ्यात ते शहर आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते, हिवाळ्यात साडेदहा. तिकडचा माणूस नऊ वाजता कामाला बसतो तेव्हा पुण्यात संध्याकाळचे साडेसहा झालेले असतात. मंगळवारचा आणि बुधवारचा त्याचा दिवस बैठकांत गेला. गुरुवारी पुण्यात रात्रीचे 10 वाजले असताना त्याचा पहिला शेरा आला. म्हणजे पिकअपला 54 तास लागले.

शेरा मात्र लाखमोलाचा होता. त्याने विचारले, “31 डिसेंबरला रात्री अकरा पन्नासला भरलेला हप्ता कोणत्या वर्षात धरला जाईल? तारीख सर्व्हरच्या घड्याळावरून घेतली आहे, ग्राहकाच्या नाही.” सर्व्हरचे घड्याळ जागतिक प्रमाणवेळेवर चालते. न्यूयॉर्कमध्ये 31 डिसेंबरची रात्र असते तेव्हा त्या घड्याळात 1 जानेवारी उजाडलेली असते, त्यामुळे तो हप्ता थेट पुढच्या वर्षात गेला असता. रिव्ह्यू असतो तो याचसाठी, आणि चार तुकड्यांची मोजणी करताना हे कधीच विसरू नये. रिव्ह्यू काढून टाकायचा नाही, त्याच्या आगेमागे साचलेली वाट पाहणी काढायची आहे.

प्रोग्रामरने शेरा शुक्रवारी सकाळी साडेदहाला पाहिला, पाऊण तासात दुरुस्ती केली आणि सव्वाअकराला बदल परत पाठवला. मंजुरी आली रात्री साडेआठला. रिव्ह्यूचे साडेबावीस तास झाले, पण त्यांतले साडेबारा तास शेरा प्रोग्रामरच्या सकाळची वाट पाहत होता आणि सव्वानऊ तास दुरुस्ती अमेरिकेच्या सकाळची. प्रोग्रामरचे हात चालले ते पाऊण तास. मंजुरी आली तेव्हा तो घरी गेलेला होता, पुढे शनिवार-रविवार आला आणि मर्ज झाले सोमवारी सकाळी साडेअकराला. तो तुकडा 63 तासांचा. सगळे मिळून साडेअडुसष्ट वर शंभर, म्हणजे 168.5 तास. आठवडा आणि वर अर्धा तास!

हे वाचून कुणी म्हणेल, सर्वांत मोठा तुकडा मर्जचा आहे, आधी तो सोडवा. इथेच सावध राहायला हवे. एका बदलावरून अडचण ठरवता येत नाही, कारण एखादा शनिवार-रविवार मध्ये आला की कुठलाही तुकडा फुगतो. महिनाभराचे सगळे बदल समोर ठेवावे लागतात. आपल्या उदाहरणात महिन्यात 40 बदल मर्ज झाले असे धरू. प्रत्येक टप्प्याचे आकडे चढत्या क्रमाने लावून मधला आकडा घेतला, म्हणजे मध्यक काढला, तर कोडिंग 26 तास, पिकअप 44, रिव्ह्यू 20 आणि मर्ज 4 असे चित्र दिसते. सोमवारपर्यंत लांबलेले ते मर्ज अपवाद होते. खरी गाठ पिकअपला आहे.

मध्यक घ्यायचा, सरासरी नाही, याला कारण आहे. एखादी पीआर महिनाभर विसरली गेली की एकटीच सगळी सरासरी वर ओढते. मध्यकाची स्वतःची एक अडचण आहे, ती पुष्कळांच्या लक्षात येत नाही. वरच्या चार मध्यकांची बेरीज 94 तास होते, पण त्याच 40 बदलांच्या एकूण वेळेचा मध्यक 118 तास निघू शकतो. टप्प्यांच्या मध्यकांची बेरीज एकूण मध्यकाएवढी असेलच असे नाही, कारण एका बदलाला पिकअपला उशीर झालेला असतो, दुसऱ्याला रिव्ह्यूला, तिसऱ्याला मर्जला. म्हणून चार मध्यकांचे रंगीत पट्टे एकावर एक रचून “हा आमचा सायकल टाइम” असे दाखवणाऱ्या आलेखावर विश्वास ठेवू नये. टप्प्यांची एकमेकांशी तुलना करायला मध्यक चांगला, बेरजेला नाही.

पिकअप मोठा आहे एवढे कळले म्हणजे कारण कळले असे होत नाही. बऱ्याच टीम इथेच थांबतात आणि “रिव्ह्यू लवकर करा” असा ई-मेल सगळ्यांना जातो. तो आठवडाभर टिकतो. त्याऐवजी तो एक टप्पा पुन्हा फोडावा. आपल्या 40 बदलांपैकी 16 बदल पुण्यातला कुठलाही सहकारी मंजूर करू शकत होता आणि त्यांच्या पिकअपचा मध्यक 6 तास होता. उरलेले 24 बदल पैशाच्या व्यवहाराच्या कोडातले होते आणि त्यांचा मध्यक 58 तास. टीमला रिव्ह्यूचा आळस नाही, हे इथे स्पष्ट होते. हा सगळा उशीर गिटहबवरच्या `CODEOWNERS` नावाच्या फाइलमधल्या एका ओळीतून येत होता:

```
/payments/  @senior-eng
```

कोडाचा कुठला भाग कुणाच्या मंजुरीशिवाय बदलू नये हे या फाइलमध्ये लिहिलेले असते. इथे पैशाच्या सगळ्या कोडाला एकच मालक आहे, आणि तो साडेनऊ तास दूर, दिवसभर बैठकांत. तो दोषी नाही. पाच वर्षांपूर्वी टीममध्ये तीन माणसे असताना कुणीतरी ही ओळ योग्य विचाराने लिहिली असेल. टीम वाढली, ओळ तशीच राहिली.

रांगेचे गणित काय सांगते ते पाहू. जॉन लिटल यांनी 1961 मध्ये सिद्ध केलेला एक नियम आहे: रांग स्थिर असेल, म्हणजे जेवढे येते तेवढेच सरासरी बाहेर पडत असेल, तर रांगेत सरासरी किती जण उभे आहेत याला दिवसाला किती बाहेर पडतात याने भागले की सरासरी किती थांबावे लागते ते मिळते. त्या मुख्य अभियंत्यापुढे कुठल्याही दिवशी सरासरी 3 पीआर पडून असतील आणि 30 दिवसांत 24 त्याच्या हातात येत असतील, म्हणजे दिवसाला 0.8, तर सरासरी थांबणे 3.75 दिवसांचे. 58 तासांच्या मध्यकापेक्षा ही सरासरी जास्त आहे, कारण काही पीआर फारच मागे राहतात. हा नियम सोयीचा आहे, कारण यासाठी वेळेची नोंद लागत नाही. रोज सकाळी न पाहिलेल्या पीआर मोजल्या तरी पुरते.

याच गणितातून दुसरी गोष्ट कळते. समजा व्यवस्थापकाने कोडिंगचा वेग वाढवला आणि पैशाच्या कोडातले बदल महिन्याला 24 ऐवजी 29 होऊ लागले. पाहणारा तोच आहे आणि तो 24 च पाहू शकतो. म्हणजे दर महिन्याला 5 पीआर रांगेत साचत जाणार. कोड वेगाने लिहिला गेला म्हणून ग्राहकाकडे बदल लवकर पोहोचला नाही, उलट प्रत्येक बदल जास्त काळ थांबला. एलियाहू गोल्डरॅट यांनी 1984 मध्ये ‘द गोल’ या कादंबरीत कारखान्याबद्दल हेच मांडले: ज्या यंत्रापाशी माल अडतो ते सोडून दुसऱ्या यंत्राचा वेग वाढवला तर फक्त अर्धवट मालाचा ढीग वाढतो. सॉफ्टवेअरमध्ये हा ढीग डोळ्यांना दिसत नाही, एवढाच फरक.

मग उपाय काय? या टीमसाठी तो कोडात नव्हता, माणसात होता. पुण्यातल्या एका अनुभवी अभियंत्याने काही आठवडे मुख्य अभियंत्याबरोबर तेच रिव्ह्यू करायचे, दोघांनी शेरे ताडून पाहायचे, आणि विश्वास बसला की त्या ओळीत दुसरे नाव घालायचे:

```
/payments/  @senior-eng  @pune-reviewer
```

एका ओळीवर अनेक मालक असले तर गिटहब त्यांपैकी कुणाही एकाची मंजुरी पुरेशी मानते. त्यामुळे रांगेला दोन खिडक्या मिळतात, आणि त्यांतली एक पुण्याच्या दिवसात उघडी असते. नाव घालायची घाई मात्र करू नये. 31 डिसेंबरचा तो प्रश्न विचारता येईल इतकी जाण आलेली नसेल तर पिकअप कमी होईल, पण चूक ग्राहकाच्या पावतीवर छापून जाईल.

समजा पिकअप 58 तासांवरून 14 वर आला. पुढच्या महिन्यात रिव्ह्यूचा टप्पा मात्र 20 वरून 31 तासांवर गेलेला दिसला, तर घाबरू नये. नवा माणूस जास्त प्रश्न विचारतो, आणि ते त्याने विचारायलाच हवेत. पण रिव्ह्यूचा टप्पाही आतून दोन प्रकारचा असतो हे लक्षात ठेवावे: चेंडू रिव्ह्यू करणाऱ्याच्या हातात असतानाचा वेळ आणि प्रोग्रामरच्या हातात असतानाचा वेळ. शेऱ्याचा ताशी हिशेब मांडला की 31 तासांतले किती कुणाचे हे कळते. प्रोग्रामरने शेऱ्याला उत्तर द्यायला दोन दिवस घेतले असतील तर ती अडचण रिव्ह्यू करणाऱ्याची नाही. पुण्याचा आणि अमेरिकेचा दिवस एकमेकांना जेमतेम शिवतो, त्यामुळे समुद्रापलीकडच्या रिव्ह्यूत प्रत्येक फेरीला साधारण एक दिवस जातो. तिथे फेऱ्या कमी करणे हाच खरा उपाय: बदल लहान ठेवायचा, आणि पीआरच्या वर्णनात “वर्षाची सीमा अशी हाताळली आहे” असे आधीच लिहायचे, म्हणजे तो प्रश्न विचारायची वेळच येत नाही. नऊशे ओळींचा बदल समोर आला की वाचणारा तो “दुपारी निवांत बघू” म्हणून बाजूला ठेवतो. मोठ्या पीआरचा पिकअप लांबण्याचे हेच नेहमीचे कारण असते.

ज्यांना आपल्या टीमचे आकडे काढायचे आहेत त्यांना कसलेही महागडे साधन लागत नाही. गिटहबचे कमांड लाइन साधन बसवलेले असेल तर एका पीआरची माहिती अशी मिळते:

```
gh pr view 412 --json createdAt,mergedAt,commits,reviews
```

पण मोजणीत तीन जागी पाय घसरतो. अनेक जण अर्धवट काम ‘ड्राफ्ट’ पीआर म्हणून आधीच टाकून ठेवतात. गिटहबने ही सोय 2019 मध्ये आणली. अशा वेळी `createdAt` पासून पिकअप मोजला तर लेखक अजून काम करत होता तो काळही वाट पाहण्यात धरला जातो. पीआर ‘रिव्ह्यूसाठी तयार’ झाल्याची वेळ घ्यावी. घटनाक्रमात ती `ready_for_review` नावाने असते. दुसरी घसरण स्वयंचलित तपासण्यांची. पीआर टाकल्यावर मिनिटभरात एखादा बॉट शेरा टाकतो आणि मोजणारी स्क्रिप्ट त्यालाच पहिला रिव्ह्यू समजते. पिकअप शून्याच्या आसपास दिसला की आधी हीच शंका घ्यावी. तिसरी घसरण कमिटच्या तारखेची. फांदी रिबेस केली की कमिट नव्याने लिहिले जातात आणि `committedDate` बदलते, मात्र मूळ लेखनाची `authoredDate` सहसा टिकून राहते. चुकीची तारीख घेतली तर चार दिवसांचे कोडिंग चार मिनिटांचे दिसते.

मर्ज न झालेल्या पीआर या हिशेबात येतच नाहीत, हेही ध्यानात ठेवावे. सर्वांत वाईट उशीर नेमका त्यांच्यात असतो. महिन्याच्या शेवटी उघड्या राहिलेल्या पीआरचे वय वेगळे पाहावे.

दुसऱ्यांचे आकडे आपल्यासाठी लक्ष्य म्हणून उचलू नयेत. गूगलमधल्या कोड रिव्ह्यूवर 2018 मध्ये आलेल्या अभ्यासात संपूर्ण रिव्ह्यूचा मध्यक चार तासांच्या आत असल्याचे दिसले होते, पण तिथले बहुतेक बदल फार लहान असतात आणि बहुतेकांना एकच रिव्ह्यू करणारा पुरतो. त्यांच्याच जाहीर मार्गदर्शनातला दुसरा नियम मात्र कुठल्याही टीमला पेलेल असा आहे: रिव्ह्यूच्या विनंतीला उत्तर द्यायला जास्तीत जास्त एक कामाचा दिवस. उत्तर म्हणजे पूर्ण रिव्ह्यूच हवा असे नाही, पण माणसाचा प्रतिसाद हवा.

हे आकडे माणसांच्या मूल्यमापनात शिरले की निरुपयोगी होतात, यावर माझा ठाम विश्वास आहे. रिव्ह्यू करणाऱ्याच्या वार्षिक गुणांना पिकअपची वेळ जोडली की पीआर आल्या आल्या “बघतो” एवढा शेरा पडतो आणि घड्याळ थांबते. ओळखायची खूण सोपी आहे: पिकअप झपाट्याने उतरतो, रिव्ह्यू तेवढाच चढतो आणि एकूण सायकल टाइम हलत नाही.

म्हणून व्यवस्थापकांना विनंती एवढीच, की टीमला पुन्हा “वेग वाढवा” असे सांगण्याआधी मागच्या महिन्यातले सगळे बदल एका कागदावर चार रकान्यांत मांडा, सर्वांत मोठा रकाना कोडाच्या भागानुसार पुन्हा फोडा, आणि तिथे एकच नाव वारंवार येत असेल तर त्या माणसाला जाब विचारू नका. त्याच्या शेजारी दुसरे नाव कसे येईल ते त्यालाच विचारा.